तक्रार न करणारं गिऱ्हाईक: नव्या ठिबक दुकानदारासाठी

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या पट्ट्यात ठिबकची, मोटारपंपाची दुकानं टाकणारी तरुण मुलं माझ्याकडे अधूनमधून बसायला येतात. दुकानाला वर्ष झालं की त्यांच्यातला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, "दादा, अजून एकही तक्रार नाही आपल्याकडे." मी विचारतो, मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकांपैकी यंदा किती जण पुन्हा आले? याचं उत्तर मात्र कोणाकडेच तयार नसतं.

तक्रार नाही म्हणजे गिऱ्हाईक खूश, असं मीही बरीच वर्षं धरून चाललो होतो. तसं नसतं, हे मला एका गिऱ्हाइकामुळे कळलं. त्यांना इथे नाना म्हणतो. त्यांची गोष्ट सांगत सांगतच पुढच्या पायऱ्या सांगतो. उदाहरण ठिबकचं आहे, कारण मला तेच काम येतं.

नानांच्या शेवटच्या ओळी

नानांची तापीकाठी तीन एकर केळी आणि चार एकर कापूस. जूनमध्ये मृगबागेच्या लागवडीआधी आमच्या माणसांनी तिन्ही एकरांत ठिबक बसवून दिलं. बरीचशी रक्कम उधारीवर होती, कापसाचे पैसे आले की द्यायचं ठरलं होतं. वर्षभरात नाना दुकानात सात-आठ वेळा आले असतील. दरवेळी मी विचारायचो, "काय नाना, ठिबक कसं चाललंय?" आणि ते म्हणायचे, "चाललंय, चाललंय." आखाजीला त्यांनी सगळा हिशेब पुरा केला, चहा घेतला, गेले. त्यानंतर दोन महिने त्यांचं तोंड दिसलं नाही. विद्राव्य खताच्या बॅगा ते दुसरीकडून न्यायला लागले होते, हे मला उशिरा समजलं.

जुलैमध्ये एसटी स्टँडवर त्यांचा सालदार भेटला. मी सहज विचारलं आणि त्यानं सहज सांगितलं, "तिसऱ्या एकरातल्या शेवटच्या दहा-बारा ओळींना आम्ही वर्षभर नळी ओढून पाणी दिलं. तिथलं ठिबक नावालाच आहे. घडही बारीक पडले तिथले."

वर्षभर! आणि मला एका शब्दानं कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेतात गेलो. "नाना, सांगितलं का नाही?" ते आधी टाळत होते. मग म्हणाले, "तुमची उधारी होती ना अंगावर. अनुदानाची फाइलही तुमच्याकडूनच जायची होती. आणि तुमच्या वडलांचा आमचा घरोबा, कुठं तोंड वाईट करायचं? म्हटलं, जाऊ द्या."

पहिली पायरी: गिऱ्हाईक गप्प का बसतं ते समजून घ्या

नानांच्या त्या तीन वाक्यांत जवळजवळ सगळं आलं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

बिघाड दिसल्यावर गिऱ्हाईक मनात एक हिशेब करतं. सांगायला जायचं तर किती पडेल, आणि सांगून मिळेल काय? आपल्याकडे गावाहून तालुक्याला यायचं म्हणजे एसटीचं भाडं, अर्धा दिवस, मजुरांवर लक्ष ठेवायला माणूस नाही. दुकानात आल्यावर मालक असेल की नाही, माहीत नाही. असला तरी तो म्हणणार, "कंपनीला कळवतो." एवढं करून हाती काही लागणार नाही असं वाटलं की माणूस सांगत नाही, आणि त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी हेच केलं असतं. त्यामुळे गप्प बसणाऱ्याला भित्रा किंवा उदार समजू नका. त्यानं सरळ हिशेब केलेला असतो.

आपल्या भागात या हिशेबात आणखी दोन ओझी पडतात. एक उधारीचं. ज्याचं देणं आहे त्याच्याशी वाद कोण घालेल? तोंड उघडलं तर "आधी मागचे द्या" ऐकावं लागेल, पुढच्या हंगामाला माल मिळणार नाही, ही धास्ती असते. म्हणजे ज्याच्या अंगावर जास्त उधारी, तो जास्त गप्प, आणि आपण त्यालाच आपलं पक्कं गिऱ्हाईक समजत असतो. तो बांधलेला असतो. हिशेब फिटला की मोकळा होतो, आणि मग जातो. दुसरं ओझं कागदांचं. ठिबकच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज, बिल, मोका तपासणी हे सगळं दुकानदाराच्या हातून पुढे सरकतं असं शेतकऱ्याला वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पैसे खात्यावर पडेपर्यंत तो दुकानदाराला दुखावणार नाही.

तिसरं कारण भिडेचं. ओळख, नातं, गाव एक. बाहेरच्या माणसाला हे जपणं वाटेल, पण गिऱ्हाइकाला ते गिळणं असतं.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये हा पेच नेमका मांडला. नाराज माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात, एक तर बोलायचं किंवा निघून जायचं. जाणं सोपं असेल तिथे बोलणं कमी होतं. आणि जो जातो तो का गेला हे मागे सांगून जात नाही, त्यामुळे दुकानात काय चुकलं ते दुकानदाराला कळतच नाही. पूर्वी तालुक्याला ठिबकचं एखाददुसरं दुकान असायचं, तेव्हा शेतकरी भांडायचा. आज एकाच रस्त्यावर सहा दुकानं आहेत. भांडायची गरज उरलेली नाही.

एक आकडेवारी मी नेहमी सांगतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात तिथल्या सरकारच्या ग्राहक कार्यालयासाठी टार्प नावाच्या संस्थेनं पाहणी केली होती. शंभर डॉलरहून मोठं नुकसान झालेल्या ग्राहकांना विचारलं, पुन्हा याच दुकानातून घ्याल का? ज्यांनी तक्रारच केली नाही त्यांच्यातले ९ टक्के हो म्हणाले. ज्यांनी तक्रार केली पण ती सुटली नाही, त्यांच्यात १९ टक्के. तक्रार सुटली तिथे ५४ टक्के, आणि पटकन सुटली तिथे ८२ टक्के. देश वेगळा, काळ जुना, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्या दुकानाला लावू नका. क्रम मात्र नीट बघा. सर्वांत खाली गप्प बसलेला आहे. तक्रार करून हात हलवत परत गेलेला माणूससुद्धा त्याच्यापेक्षा वर आहे. तक्रार करणारा अजून तुमच्याशी बोलतोय, त्यानं तुम्हाला सोडलेलं नाही.

गप्प बसणारा सगळीकडेच गप्प असतो असंही नाही. तो तुमच्यापाशी गप्प असतो. पारावर, चहाच्या टपरीवर, सोयऱ्यांच्या लग्नात तो सगळं सांगतो. नानांच्या गावातून त्या वर्षी माझ्याकडे एकही नवी ऑर्डर आली नव्हती. मी समजत होतो, कापसाला भाव नाही म्हणून.

दुसरी पायरी: वही उघडा आणि गेलेले शोधा

आजच करता येईल असं हे काम आहे. उधारीची खतावणी आणि बिलबुकं काढा. मागच्या दोन हंगामांत ज्यांनी मोठी खरेदी केली आणि नंतर काहीच नेलं नाही, अशी नावं एका कागदावर लिहा. ठिबक घेतलेल्याला वर्षभर काही ना काही लागतंच. जोड, टोप्या, फिल्टरची जाळी, विद्राव्य खत. ज्याला वर्षभर काहीच लागलं नाही तो बहुतेक दुसरीकडून नेतोय.

त्यातही ज्यांनी हिशेब पूर्ण चुकता केला आणि मग आले नाहीत त्यांच्यापुढे खूण करा. आपल्याकडे आखाजीला सालदाराचं साल बदलतं, देणीघेणी मिटतात. आखाजीनंतरचे तीन महिने म्हणूनच महत्त्वाचे. माझ्या पहिल्या यादीत एकवीस नावं निघाली. त्यात एक नानांचं होतं. उरलेल्या वीस जणांशी बोलल्यावर तेरा जणांकडे काही ना काही बिनसलेलं होतं, आणि त्या तेरांपैकी दोघांनीच पूर्वी कधीतरी दुकानात काही सांगितलं होतं. त्या दोघांचं बोलणं काउंटरवरच्या पोराच्या कानावर पडलं आणि तिथंच राहिलं.

तिसरी पायरी: प्रश्न बदला, आणि योग्य माणसाला विचारा

"सगळं बरं आहे ना?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे. हो. तो प्रश्न चौकशीचा नसून रामरामाचा आहे. वर्षभर मी नानांना हेच विचारत होतो.

ज्याचं उत्तर आकड्यात, जागेत किंवा होय-नाहीत येईल असं काहीतरी विचारा. ठिबकसाठी माझे तीन प्रश्न ठरलेले आहेत. शेवटच्या ओळीला पाणी पहिल्या ओळीइतकं येतं का? फिल्टर किती दिवसांनी धुता? एखाद्या ठिकाणी नळी ओढून किंवा पाटानं पाणी द्यावं लागतंय का? तिसरा प्रश्न मला नानांच्या सालदारानं शिकवला. लोक बिघाडाची तक्रार करत नाहीत, पण त्यावर काढलेला तोडगा सहज सांगतात, कारण त्यात कोणाला दोष दिल्यासारखं वाटत नाही.

तुम्ही मोटारी विकत असाल तर विचारा, "स्टार्टर दिवसातून किती वेळा पडतो?" घरगुती चक्की विकत असाल तर विचारा, "दळण किती वेळात होतं, आवाज बदलला का?" तुमच्या मालाचा असा एक नेमका प्रश्न शोधायला एक संध्याकाळ द्या.

विचारायचं कोणाला, हेही ठरवा. बिलावर नाव मालकाचं असतं, व्हॉल्व्ह सालदार फिरवतो. चक्की नवऱ्याच्या नावावर असते, दळतात घरातल्या बाया. जो वस्तू रोज हाताळतो त्याला बिघाड आधी कळतो आणि त्याला भीडही कमी असते. फोन लावल्यावर मी मालकाशी बोलतो आणि मग म्हणतो, "जरा सालदाराला द्या ना, एक विचारायचं होतं."

वेळ अशी धरा: बसवून सात दिवसांनी पहिला फोन, महिन्यानं दुसरा, आणि उधारी चुकती झाली त्या आठवड्यात तिसरा. हा तिसरा फोन चुकवू नका. त्या वेळी माणूस पहिल्यांदा मोकळेपणानं बोलतो. फोनवर उधारीचा विषय काढायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. एका फोनवर चौकशी आणि वसुली दोन्ही केली की पुढच्या वेळी गिऱ्हाईक फोन उचलत नाही. वसुलीचा फोन माझा भाऊ करतो, चौकशीचा मी.

आणि एक वाक्य विक्रीच्या दिवशीच तोंडानं सांगा, बिलावरही लिहा: "काही बिघडलं तर या नंबरवर कळवा. त्यासाठी दुकानात यायची गरज नाही. उधारीशी आणि अनुदानाच्या फाइलीशी याचा संबंध नाही." शेवटचं वाक्य वाचून काही जणांना आश्चर्य वाटतं. पण त्यांच्या मनातली भीती नेमकी तीच असते.

चौथी पायरी: तक्रार आली की आधी ऐका, मग मोजा

तक्रार ऐकताना दुकानदाराची पहिली चूक म्हणजे लगेच कारण सांगणं. "पाणी खारं असेल." "फिल्टर धुतला नसेल." कारण बरोबर असलं तरी माणसाला ऐकू एवढंच येतं की दोष माझ्यावर ढकलला. त्याला पूर्ण बोलू द्या, त्याच्याच शब्दांत वहीत लिहा, आणि कधी येणार ते सांगा. मे महिन्यात, ४३-४४ अंशांत, केळीला पाणी कमी पडत असेल तर उद्या जायलाच हवं. तेव्हा आठवडा लावला तर मग गेलात काय आणि न गेलात काय.

शेतात गेल्यावर अंदाज नको, माप घ्या. नानांच्या शेतातली तपासणी सविस्तर सांगतो, कारण तिथे त्यांच्यासमोर माप घेतल्यानंच पुढचं बोलणं सोपं झालं.

त्यांच्या नळीतले ड्रीपर ताशी चार लिटरचे. म्हणजे सहा मिनिटांत ४०० मिली पाणी पडायला हवं. ड्रीपरखाली जरा उकरून भांडं ठेवलं, मोबाइलवर सहा मिनिटं लावली आणि पडलेलं पाणी मापट्यात ओतलं. तिसऱ्या एकरात चाळीस ओळी होत्या. पहिल्या ओळीत सुरुवातीला ३९० मिली, टोकाला ३८०. चाळिसाव्या ओळीत सुरुवातीला २३०, टोकाला २१५.

या चार आकड्यांत रोग कळतो. ओळीच्या सुरुवातीला पाणी बरोबर आणि टोकाला कमी असतं, तर नळी फार लांब किंवा टोकाला गाळ साचलेला. मधलेच काही ड्रीपर कमी आणि शेजारचे ठीक असते, तर ते ड्रीपर तुंबलेले. इथे अख्खी शेवटची ओळ सुरुवातीपासूनच कमी होती. म्हणजे ओळीपर्यंत पाणी पोहोचवणाऱ्या सबमेनमध्येच दाब पडत होता. आम्ही टोकाला उकरलं. आराखड्यात सबमेन ६३ मिमीचा होता. जमिनीत निघाला ५० चा.

मला आठवलं. त्या आठवड्यात ६३ चे पाइप संपले होते, लागवडीची घाई होती, आणि फिटरनं शेवटच्या एकराला हाताशी होता तो टाकला. त्यानं मला सांगितलं नाही, मी बघायला गेलो नाही.

पाचवी पायरी: भरपाई देताना तीन गोष्टी सांभाळा

तक्रार सुटल्यावर गिऱ्हाईक तीन गोष्टी तोलतं. मिळालं काय, त्यासाठी किती हेलपाटे पडले, आणि माझ्याशी कसं बोलले. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध असला तरी एकानं दुसऱ्याची जागा भरत नाही. फुकट पाइप दिला, पण सहा चकरा मारायला लावल्या, तर तो पाइप माणसाच्या लक्षात राहत नाही. गोड बोललात आणि दिलं काहीच नाही, तर ते आणखी वाईट.

नानांच्या बाबतीत असं केलं. उकरल्याबरोबर, त्यांनी काही विचारायच्या आत मी म्हणालो, "नाना, चूक आमची आहे. इथं ६३ चा पाइप हवा होता, आम्ही ५० चा टाकला." हे वाक्य जड जातं, पण ते पहिल्या मिनिटाला बोललं तरच त्याला किंमत असते. नानांनी नंतर शोधून काढलं असतं तर तेच वाक्य कबुलीजबाब झालं असतं. फिटरचं नाव मी घेतलं नाही. गिऱ्हाइकासमोर आपल्या माणसावर ढकललं की गिऱ्हाइकाला कळतं, उद्या माझ्यावरही ढकलतील.

बिल मागितलं नाही, अर्ज मागितला नाही, कारण बिलाची प्रत आमच्याकडेच होती. तिसऱ्या दिवशी ६३ चे दहा पाइप, म्हणजे साठ मीटर, दोन मजूर आणि जोडसामान घेऊन गेलो. पाइप आणि मजुरी धरून साधारण सात हजार रुपये आमचे गेले. पुन्हा माप घेतलं: शेवटच्या ओळीत ३७५ मिली. ते मापटं मी सालदाराच्या हातात दिलं होतं, आकडा त्यानंच वाचला.

एक गोष्ट मी देऊ शकत नव्हतो. बारीक पडलेल्या घडांचं नुकसान. ते मी तसंच सांगितलं, की हे भरून देण्याची माझी ऐपत नाही, पण यंदाच्या बागेला असं होणार नाही याची जबाबदारी माझी. खोटं आश्वासन दिलं असतं तर पुढं तेच माझ्या अंगावर आलं असतं. सात हजार पुष्कळ वाटतात. नाना वर्षाला खत आणि सुटं सामान मिळून तीस-पस्तीस हजारांची खरेदी करायचे, आणि त्यांच्या गावात माझी आणखी अकरा गिऱ्हाइकं होती. त्या हिशेबात सात हजार मोठे नव्हते.

चांगली दुरुस्ती झालेलं गिऱ्हाईक कधीकधी बिघाडच न झालेल्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त जवळचं होतं, असं या विषयाचे अभ्यासक सांगतात. मी ते पाहिलं आहे. पण त्याला मोठी मर्यादा आहे. हे पहिल्या वेळेपुरतं असतं. त्याच माणसाकडे तोच बिघाड दुसऱ्यांदा झाला की पहिली दुरुस्तीही त्याला नाटक वाटू लागते. म्हणून दुरुस्तीनंतर पंधरा दिवसांनी स्वतः फोन करा. तो फोन नाही केला तर दुसऱ्यांदा बिघडलेलं तुम्हाला पुन्हा एसटी स्टँडवरच कळेल.

काउंटरवरच्या पोरालाही थोडा अधिकार द्या. आमच्याकडे पाचशे रुपयांपर्यंतचा जोड, टोपी, जाळी तो मला न विचारता बदलून देतो आणि वहीत लिहितो. "मालक आल्यावर या" हे वाक्य दुकानात ऐकू येता कामा नये.

तक्रार चुकीची असेल तर

प्रत्येक तक्रार खरी नसते, आणि प्रत्येक वेळी खिशात हात घालणं हा उपाय नाही. पुष्कळदा ड्रीपर तुंबतात ते विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यामुळे. ड्रीपर कापून दाखवा. आत पांढरा कडक थर असेल आणि त्यावर आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं, तर तो क्षारांचा. अशी नळी आम्ल प्रक्रियेनं साफ होते. हिरवट-तपकिरी बुळबुळीत असेल तर शेवाळ, त्याला क्लोरीनची प्रक्रिया लागते. दोन्हींत नळीचा दोष नाही. आम्ल वापरताना हातमोजे घाला आणि आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही, हेही तिथंच दाखवा.

इथे "तुमची चूक" म्हणू नका, कापलेला ड्रीपर बोलू द्या. आणि मग स्वतःला विचारा, बसवताना आपण आम्ल प्रक्रियेचं सांगितलं होतं का? सांगितलं नसेल तर अर्धी चूक आपली. अशा वेळी मी पहिली प्रक्रिया स्वतः करून देतो, पुढच्या त्यांच्या. जो माणूस दर महिन्याला नवी तक्रार घेऊन पैसे सोडवायला बघतो, असा एखादा असतोच. त्याच्याशीही मापानंच बोला, आकडे लिहून द्या, सही घ्या. पण त्या एकाच्या धास्तीनं दहा खऱ्या माणसांवर संशय घेऊ नका. नव्या दुकानदारांकडून ही चूक फार होते.

तक्रार बाहेर गेली तर

काही जण दुकानातही बोलत नाहीत आणि निघूनही जात नाहीत, ते तिसऱ्याकडे जातात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. "शेतकरी धंद्यासाठी घेतो, तो ग्राहक कसला?" असं म्हणणारे दुकानदार मला भेटतात. बियाण्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे.

आयोगाची नोटीस आली तर ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. उत्तराला तीस दिवस मिळतात, फार तर आणखी पंधरा. त्याच दिवशी गिऱ्हाइकाला फोन करा. शेतात जाऊन माप घ्या. नोटीस आल्यावरही बरीच प्रकरणं तडजोडीनं मिटतात. फक्त त्या वेळी गिऱ्हाइकाला राग कशाचा आहे ते बघा. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराच्या प्रकरणात पंप बदलून द्यायला तो तयार होता, पण शेतकऱ्याला आधी हे ऐकायचं होतं की चार फोन का उचलले नाहीत.

वही

एक जाड वही करा. पाच रकाने पुरे: तारीख, नाव-गाव, गिऱ्हाईक काय म्हणालं ते त्याच्या शब्दांत, माप काय निघालं, काय केलं आणि कधी. पोरानं ऐकलेलं, सालदार म्हणालेलं, लग्नात कानावर आलेलं, सगळं यात. महिन्याच्या शेवटी अर्धा तास ती वाचा आणि सारख्या नोंदींना एकच खूण करा.

नानांच्या प्रकरणानंतर मी मागच्या दोन वर्षांची सगळी फिटिंग फोनवरून पडताळली. शेवटच्या ओळींना पाणी कमी, अशा आणखी चार जागा निघाल्या. चारही जूनमधल्या, चारही त्याच फिटरच्या. त्याला काढलं नाही. जूनमध्ये एका दिवसात दोन शेतं उरकायची सक्ती माझीच होती, ती बंद केली. आता सबमेन बुजवायच्या आधी पाइपवरचा मिमीचा आकडा दिसेल असा फोटो काढून तो गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकल्याशिवाय आमची माणसं माती ओढत नाहीत. पहिल्या फोटोला नानांच्या चुलतभावाचं उत्तर आलं होतं: "६३ आहे. मोजला."